शेकडेवारीवरून श्रेणी आपोआप: VLOOKUP ची खालच्या हद्दीची तक्ता-पद्धत

निकालपत्रकावर सह्या करायला बसलेल्या मॅडमनी मला हाक मारली. "सर, ह्या मुलाला ८१ टक्के आहेत ना? मग ब-१ कशी? तक्त्यात तर ८१ ला अ-२ आहे." मी संगणक उघडला. पडद्यावर ८१ होते आणि शेजारी ब-१ होती. सूत्रही बरोबर होते. चूक अशी होती की पडद्यावर दिसणारा आकडा आणि घरात साठवलेला आकडा हे दोन वेगळे आकडे होते. नऊ विषयांत ९०० पैकी ७२५ म्हणजे ८०.५५५... टक्के. दशांश लपवून ठेवले की ते ८१ दिसतात, पण सूत्राला ते ८०.५५ च दिसतात.

हा लेख त्या एका सूत्राबद्दल आहे: शेकडेवारी दिली की श्रेणी काढून देणारे, आणि ती श्रेणी सूत्रात कोंबण्याऐवजी एका छोट्या तक्त्यातून उचलणारे. उदाहरण आपल्याकडचेच घेतो, पहिली ते आठवीच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या नऊ श्रेणींचे. २०१० च्या शासन निर्णयातून आलेला हा तक्ता शिक्षकांना तोंडपाठ असतो: ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड, २१ ते ३२ ला इ-१ आणि २० किंवा त्याखाली इ-२.

तक्ता उलटा करून लिहायचा

वर दिलेला तक्ता माणसासाठी आहे. त्यात प्रत्येक ओळीला दोन टोके आहेत, "८१ ते ९०" अशी. संगणकाला दोन्ही टोके लागत नाहीत, फक्त खालचे टोक पुरते. एखादा विद्यार्थी ८१ ला पोहोचला आणि ९१ ला पोहोचला नाही, एवढ्यावरूनच तो अ-२ मध्ये आहे हे ठरते. म्हणून तक्त्यातून "ते ९०" काढून टाकायचे आणि उरलेला आकडा लहानापासून मोठ्याकडे मांडायचा.

फाईलमध्ये एक नवे पान घ्या आणि त्याला "श्रेणी" असे नाव द्या. A1 मध्ये "पासून", B1 मध्ये "श्रेणी" असे मथळे द्या आणि A2 पासून पुढे असे भरा:

```
 A     B
 0   इ-2
21   इ-1
33   ड
41   क-2
51   क-1
61   ब-2
71   ब-1
81   अ-2
91   अ-1
```

दोन गोष्टी नीट बघा. पहिली ओळ शून्याची आहे. ती विसरलात तर २० गुणांच्या मुलाला श्रेणी मिळणार नाही, #N/A मिळेल. दुसरे म्हणजे आकडे इंग्रजी अंकांत टंकलेले आहेत. श्रेणीच्या रकान्यातला "अ-2" हा मजकूर आहे, तिथे मराठी अंक चालतील. पण ज्या रकान्यात हिशेब होणार आहे तिथे देवनागरी अंक टाळलेले बरे, कारण ते अनेकदा मजकूर म्हणून बसतात आणि मग सूत्र त्यांच्याकडे बघतच नाही. शंका आली तर कोणत्याही मोकळ्या घरात =ISNUMBER(A3) लिहा. उत्तर FALSE आले की तो आकडा नाही, आकड्यासारखा दिसणारा मजकूर आहे.

गुणांचे पान

दुसऱ्या पानाला "गुण" म्हणू. A मध्ये हजेरी क्रमांक, B मध्ये नाव, C पासून K पर्यंत नऊ विषय: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. सहावीसाठी पहिल्या सहा विषयांना आकारिक ५० आणि संकलित ५० मिळून १००, उरलेल्या तिघांना आकारिकचेच १००. म्हणजे नऊ विषयांचे ९००. L मध्ये एकूण, M मध्ये शेकडा, N मध्ये श्रेणी.

L2 मध्ये:

```
=SUM(C2:K2)
```

M2 मध्ये आत्तापुरते:

```
=L2/900*100
```

आणि N2 मध्ये ते मुख्य सूत्र:

```
=VLOOKUP(M2,'श्रेणी'!$A$2:$B$10,2,TRUE)
```

मराठीत वाचायचे तर असे: M2 मधला आकडा घे, "श्रेणी" पानावरच्या A2 ते B10 ह्या तक्त्याच्या पहिल्या रकान्यात शोध, सापडलेल्या ओळीच्या दुसऱ्या रकान्यात जे असेल ते आण. शेवटचा TRUE म्हणजे "तंतोतंत नाही सापडला तरी चालेल, त्याच्या लगतचा खालचा आकडा धर." ७६ शोधायचे असेल तर तक्त्यात ७६ नाही, पण ७१ आहे आणि त्यापुढचा ८१ मोठा ठरतो. म्हणून ७१ ची ओळ, म्हणून ब-१.

पानाचे नाव मराठीत आहे म्हणून ते ' ' ह्या एकेरी चिन्हांत ठेवले. सूत्र टंकताना पानाचे नाव हाताने लिहिण्यापेक्षा त्या पानावर जाऊन तक्ता माऊसने निवडला तर नाव आपोआप बसते, आणि काना-मात्रेची चूक होत नाही. अल्पविरामावर सूत्र अडत असेल तर त्या संगणकाच्या प्रादेशिक मांडणीत अर्धविराम लागत असेल. लिब्रेऑफिसमध्ये हे कधीकधी दिसते.

TRUE च्या जागी FALSE लिहिणाऱ्यांची संख्या कमी नाही, कारण इतर कामांत, म्हणजे हजेरी क्रमांकावरून नाव शोधताना वगैरे, FALSE च बरोबर असते. इथे FALSE लिहिले तर बरोब्बर ७१ किंवा ८१ मिळवणाऱ्यालाच श्रेणी मिळते आणि बाकी सगळ्या वर्गाला #N/A. असा निकाल दिसला की थेट सूत्राच्या शेवटच्या शब्दाकडे बघा.

डॉलरची चिन्हे विसरली तर काय दिसते

$A$2:$B$10 मधला $ म्हणजे "सूत्र खाली ओढले तरी हा तक्ता जागचा हलू नये." तो नसेल तर तिसऱ्या ओळीत तक्ता A3:B11 होतो, चौथीत A4:B12, आणि असा तो घसरत जातो. गंमत अशी की चूक लगेच दिसत नाही. पहिल्या विद्यार्थ्याची श्रेणी बरोबर. दुसऱ्याला २१ च्या खाली गुण असतील तरच #N/A, नाहीतर त्याचीही बरोबर. सहाव्या ओळीत तक्ता ५१ पासून सुरू होतो, तेव्हा ५१ च्या खाली असणारे अडकतात. दहाव्या ओळीत फक्त ९१ उरते. अकराव्या ओळीपासून तक्ताच रिकामा, सगळे #N/A. म्हणजे वर हिरवेगार, खाली वाळलेले. हे चित्र दिसले की दुसरे काही शोधू नका. सूत्रात तक्त्याचा पत्ता निवडून F4 दाबा, चारही ठिकाणी $ बसेल.

तक्ता उतरता ठेवला तर

शाळेच्या भिंतीवरचा तक्ता अ-१ पासून खाली इ-२ कडे जातो. तो तसाच उतरवून A2 मध्ये ९१ आणि A10 मध्ये ० असे केले तर? हे मी मुद्दाम करून बघितले आहे आणि तुम्हीही एकदा करा, म्हणजे TRUE चा स्वभाव कायमचा लक्षात राहील.

एक्सेल TRUE च्या शोधात तक्ता वरून खाली वाचत नाही. ते मधोमध बोट ठेवते. नऊ ओळींच्या तक्त्यात मधली ओळ पाचवी, आणि उतरत्या तक्त्यात तिथे ५१ आहे. शोधतोय ७६. ५१ हे ७६ पेक्षा लहान, म्हणजे (चढता तक्ता धरून) उत्तर खालच्या अर्ध्यात असणार, असे ते समजते. खालच्या अर्ध्यात पुन्हा मध्य बघितला, ३३. तेही लहान, आणखी खाली. मग २१, मग ०. शेवटी शून्याच्या ओळीवर पोहोचून ते इ-२ देते. ७६ टक्क्यांच्या मुलाला इ-२! आणि ४५ टक्के असतील तर ५१ हे मोठे ठरते, शोध वर जातो, ८१ मोठे, ९१ मोठे, आणि मग हाती काहीच नाही, #N/A. म्हणजे पन्नाशीच्या वरची हुशार मुले इ-२ मध्ये आणि खालची मुले रिकामी. असला उफराटा निकाल दिसला की तक्ता उतरता आहे एवढेच समजायचे. तक्ता निवडा, Data मध्ये जाऊन A रकान्यावर चढत्या क्रमाने लावा, संपले.

८०.५५ चे काय करायचे

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येतो. शासनाच्या तक्त्यात ८० नंतर थेट ८१ येतो. त्या दोघांमधली जागा कोणाचीच नाही, कारण तो तक्ता पूर्ण गुणांसाठी आहे. पण नऊ विषयांची सरासरी काढली की अपूर्णांक येतोच. आपल्या खालच्या हद्दीच्या तक्त्यात ८०.५५ हे ८१ ला पोहोचत नाही, म्हणून ब-१. पूर्णांक करून घेतले तर ८१, म्हणून अ-२. एका मुलाच्या श्रेणीचा फरक पडतो आणि संगणक ह्यात निर्णय देत नाही.

निर्णय शाळेने घ्यायचा असतो, तोही निकाल लावण्याआधी. मी अर्धा किंवा जास्त असेल तर पुढचा पूर्णांक धरतो, कारण पालकाच्या हातात जाणाऱ्या कागदावर ८१ छापायचे आणि श्रेणी ८० ची द्यायची हे मला पटत नाही. ज्यांना अपूर्णांक सोडून द्यायचा आहे त्यांनी तसे करावे, पण मग कागदावर ८० छापावे. दिसणारा आकडा आणि मोजलेला आकडा एकच असावा, एवढी माझी अट.

म्हणून M2 असे बदलतो:

```
=ROUND(L2/900*100,0)
```

आता M2 मध्ये खरोखर ८१ आहे. दशांश लपवायचे बटण वापरून मिळवलेले ८१ आणि ROUND ने मिळवलेले ८१ हे दिसायला जुळे भाऊ असले तरी सूत्राला वेगळे असतात. शंका असेल तर M2 चे दशांश दोन जागा वाढवून बघा: ८०.५६ झाले तर तो फक्त दिखावा होता, ८१.०० राहिले तर आकडाच ८१ आहे. अपूर्णांक सोडायचा असेल तर ROUND च्या जागी ROUNDDOWN, बाकी सारखेच. आणि हे एकदाच, शेवटच्या पायरीवर करायचे. आधी एका दशांशापर्यंत आणि मग पूर्णांकात आणले की ८०.४६ चे आधी ८०.५ होते आणि मग ८१.

ह्याच वळणावर आणखी एक चूक येते. काही जण गुणिले १०० न करता M रकान्याला % चे स्वरूप देतात. तेव्हा पडद्यावर ८१% दिसत असते, पण घरात ०.८१ असते, आणि ०.८१ हे २१ पेक्षा कितीतरी लहान. सगळा वर्ग एकाच सुरात इ-२. उपाय दोन: गुणिले १०० करून साधा आकडा ठेवा, किंवा तक्ताच ०.२१, ०.३३ असा लिहा. मला पहिला बरा वाटतो.

गैरहजर आणि रिकामी घरे

गुणांच्या पानावर एखाद्या मुलाच्या गणिताच्या घरात "गै" लिहिलेले असते. SUM मजकूर वगळते, तक्रार करत नाही. आठ विषयांची बेरीज ६४० आली तर भागाकार मात्र ९०० नेच होतो, आणि ७१ म्हणून ब-१ बसते. बसलेल्या आठ विषयांत त्याची सरासरी ८० आहे हे कुठे दिसत नाही. रिकामे घर तर आणखी फसवे. एका शाळेत एका विषयाच्या शिक्षकांनी गुण भरायचेच राहिले होते आणि विषयवार श्रेणीच्या रकान्यात, =VLOOKUP(F2,...) असे सूत्र लावलेले असल्याने, तिथे संपूर्ण वर्गाला इ-२ छापून आले. एक्सेल रिकाम्या घराला शून्य समजते, आणि शून्याची ओळ आपणच तक्त्यात टाकली आहे. पालक दारात आल्यावर कळले.

म्हणून आधी मोजा की नऊही घरांत आकडे आहेत का, आणि नसतील तर श्रेणी देऊच नका. COUNT फक्त आकडे मोजते, मजकूर आणि रिकामी घरे सोडते. अंतिम सूत्रे अशी:

M2:

```
=IF(COUNT(C2:K2)<9,"",ROUND(L2/900*100,0))
```

N2:

```
=IF(M2="","अपूर्ण",VLOOKUP(M2,'श्रेणी'!$A$2:$B$10,2,TRUE))
```

विषयवार श्रेणी हवी असेल तर तिथेही हीच खबरदारी. "अपूर्ण" हा शब्द छापील निकालावर जाऊ द्यायचा नाही, तो आपल्यासाठीचा लाल झेंडा आहे. गैरहजर विद्यार्थ्याचे नेमके काय करायचे, फेरपरीक्षा घ्यायची की बाकीच्या विषयांवर सरासरी धरायची, हे मुख्याध्यापक ठरवतील. सूत्राने ते गुपचूप ठरवू नये.

दुसऱ्या बाजूला, शंभराच्या वर काही गेले तर तक्ता ओरडत नाही. ८५ च्या जागी ८५५ टंकले गेले तर शेवटच्या ओळीपलीकडचे सगळे अ-१ च. त्यासाठी गुणांच्या घरांवर Data मधून Data Validation लावा. Custom निवडून:

```
=OR(C2="गै",AND(ISNUMBER(C2),C2>=0,C2<=100))
```

मोबाईलवरून किंवा दुसऱ्या फाईलमधून चिकटवलेल्या आकड्यांवर ही रखवाली चालत नाही, एवढे ध्यानात ठेवा. हाताने टंकलेल्यांवरच चालते. चिकटवलेले आकडे घराच्या डाव्या बाजूला चिकटलेले दिसले तर ते मजकूर असू शकतात. तो रकाना निवडून Data मधले Text to Columns उघडा आणि काही न बदलता Finish दाबा. इंग्रजी अंक असतील तर बहुतेक वेळा ते आकडे होतात आणि उजवीकडे सरकतात.

निकालाआधीची पाच मिनिटे

सूत्र बरोबर आहे हे वर्गाच्या गुणांवरून कळत नाही, कारण वर्गात नेमके काठावरचे आकडे असतीलच असे नाही. मी एका मोकळ्या रकान्यात काठ लिहितो: ०, २०, २१, ३२, ३३, ४०, ४१, आणि असेच ९०, ९१, १०० पर्यंत. शेजारी तेच VLOOKUP लावतो आणि भिंतीवरच्या तक्त्याशी एकेक पडताळतो. २० आणि २१ ला वेगळी श्रेणी आली पाहिजे, ३२ ला इ-१ आणि ३३ ला ड. ह्या दोन काठांवर मी जास्त वेळ देतो, कारण ड च्या खालच्या श्रेणी मिळालेल्या मुलांसाठी वेगळे मार्गदर्शन आखायचे असते. एक चुकीची इ-१ म्हणजे एका मुलाच्या नावाने विनाकारण कागद तयार होणार, आणि एक चुकीची ड म्हणजे ज्याला मदत हवी तो राहून जाणार.

मग श्रेणीनिहाय मोजणी. "श्रेणी" पानावरच C2 मध्ये:

```
=COUNTIF('गुण'!$N$2:$N$41,B2)
```

चाळीस मुलांच्या वर्गासाठी हे C10 पर्यंत ओढा. बेरीज चाळीस आली पाहिजे. ३८ आली तर दोन "अपूर्ण" आहेत किंवा कुठेतरी #N/A लपले आहे. मुख्याध्यापकांना गोषवारा हवाच असतो, तोही ह्यातूनच तयार होतो.

नव्या एक्सेलमध्ये (२०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५) आणि गुगल शीट्समध्ये XLOOKUP आहे:

```
=XLOOKUP(M2,'श्रेणी'!$A$2:$A$10,'श्रेणी'!$B$2:$B$10,"",-1)
```

शेवटचा -1 म्हणजे तेच, "लगतचा खालचा धर". ह्यात तक्ता उतरता असला तरी चालतो, ही खरी सोय. पण शाळेतल्या जुन्या संगणकावर तीच फाईल उघडली आणि गणना पुन्हा झाली तर तिथे #NAME? दिसेल. फाईल चार ठिकाणी फिरणार असेल तर VLOOKUP वरच राहा.

पुढच्या वर्षी एखादी हद्द बदलली, किंवा नववी-दहावीसाठी वेगळा तक्ता हवा झाला, तर "गुण" पानाला हात लावायचा नाही. "श्रेणी" पानावरचा आकडा बदला, सगळा वर्ग पुन्हा मोजला जातो. तक्त्यात नवी ओळ घालायची असेल तर ती मध्ये कुठेतरी घाला, म्हणजे $A$2:$B$10 आपोआप $B$11 पर्यंत ताणले जाते. तळाशी, ९१ च्या खाली लिहिलेली ओळ सूत्राला दिसत नाही.

मॅडमच्या त्या मुलाची श्रेणी आम्ही अ-२ केली. त्याच वर्गात ७२४ वाली एक मुलगी होती, ८०.४४, तिची ब-१ च राहिली, आणि तिच्या कागदावर ८० छापले.